रेझ्युमे आणि जाहिरात शेजारी ठेवून बघा, कुठं चुकतंय सांगा (फ्रंट-एंड, कोल्हापूर)

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकभूल द्यावी घ्यावी.

साडेतीन वर्षं झाली, इथंच उद्यमनगरजवळच्या एका बारा माणसांच्या कंपनीत फ्रंट-एंडचं काम करतो. आमची गिऱ्हाईकं म्हणजे फौंड्रीवाले, मशीन शॉपवाले आणि एक-दोन दूध संस्था. आता पुण्यातल्या एका प्रॉडक्ट कंपनीत अर्ज करायचा आहे. अशाच नऊ ठिकाणी चार महिन्यांत अर्ज केले, एकीकडूनही फोन आला नाही.

जाहिरातीचा मथितार्थ असा: तीन ते पाच वर्षं अनुभव, रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्ट पक्कं, भरपूर डेटा असलेले स्क्रीन हाताळलेले, वेग मोजून सुधारलेला, टेस्ट लिहायची सवय, ॲक्सेसिबिलिटीची जाण, आणि एखादं फीचर लोकांच्या हातात गेल्यावरही सांभाळलेलं असावं.

माझा रेझ्युमे दोन पानी, दोन कॉलमचा. डावीकडं स्किल्सच्या पट्ट्या: रिअ‍ॅक्ट ९०%, अँग्युलर ८०%, व्ह्यू ७०%, टाइपस्क्रिप्ट ८०%. उजवीकडं प्रोजेक्ट. उदाहरणार्थ, "रिअ‍ॅक्ट वापरून फौंड्रीसाठी रिस्पॉन्सिव्ह डॅशबोर्ड बनवला. लाइटहाउस स्कोअर ९८." खाली पोर्टफोलिओच्या चार लिंका. नाव-नंबर काढून फाइल खाली जोडली आहे, लिंका चालू ठेवल्यात. जाहिरातीतलं जवळजवळ सगळं माझ्याकडं आहे असं मला वाटतं. मग अडतंय कुठं?

तांबडा_पांढरा
आलो. खुर्ची टाकून बसलोय. ९०% रिअ‍ॅक्ट म्हणजे उरलेलं १०% कुणाकडं हाय भावा?

गूळ_बाजार
शीर्षक वाचून आलो. पोर्टफोलिओत चारच ठेवलेत हे उत्तम, लोक उगाच वीस-वीस ठेवतात. पण चारही एकाच क्षेत्रातले नकोत. थोडं डेटमध्येही असू द्या.

तांबडा_पांढरा
काका, ते वेबसाइटींबद्दल बोलाय लागलेत. म्युच्युअल फंड न्हवं.

गूळ_बाजार
अरेच्चा. मग चालू द्या. (तरी सल्ला चुकीचा नाही.)

शिरोली_फाटा
तुमचा रेझ्युमे माणसापर्यंत पोचतच नाही. सॉफ्टवेअर जाहिरातीशी शब्द जुळवून बघतं, ऐंशी टक्क्यांच्या खाली जुळलं की थेट कचऱ्यात. जाहिरातीतले सगळे शब्द जसेच्या तसे टाका. माझ्या मेहुण्यानं पांढऱ्या अक्षरात टाकले होते, माणसाला दिसत नाहीत पण मशीनला दिसतात.

बावधनची_वाट
मेहुण्याला कृपया परत सांगू नका. मजकूर कॉपी करून दुसरीकडं चिकटवला की पांढरी अक्षरं काळी होतात, आणि मग फार ओशाळवाणं होतं.

मी मूळची शाहूपुरीतली, आता पुण्यात एका प्रॉडक्ट कंपनीत फ्रंट-एंडची टीम बघते. वर्षातून दोन-तीनदा भरती असते. शिरोली फाटा अर्धं बरोबर सांगताहेत. आम्ही वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये ऐंशी टक्क्यांची कात्री वगैरे नाही. अर्ज भरताना विचारलेल्या प्रश्नांवर, म्हणजे अनुभव किती वर्षं, नोटीस किती दिवस, यांवर मात्र आपोआप गाळणी लागते. बाकी ते शोधायचं कपाट आहे. रिक्रूटर "रिअ‍ॅक्ट टाइपस्क्रिप्ट" टाकते आणि जे वर येतात ते वाचते.

पण दोन कॉलमांचा त्रास खरा आहे. उद्यमनगरकर, तुमची पीडीएफ उघडून सगळं सिलेक्ट केलं आणि नोटपॅडमध्ये चिकटवलं. "फौंड्रीसाठी व्ह्यू ७० रिस्पॉन्सिव्ह" अशी खिचडी झाली. कपाटातही तसंच जाऊन बसायची शक्यता आहे. एकच कॉलम करा, पट्ट्या काढा.

हे झालं किरकोळ. आता लिंका. मी रेझ्युमेला साधारण तीन मिनिटं देते, तेवढ्यातच तुमच्या चारही उघडल्या.

पहिली, एका हॉटेलची साइट. उघडली तर वर्डप्रेसचं तयार टेम्प्लेट. तुम्ही रिअ‍ॅक्टमध्ये केलंय म्हणता, बहुतेक मालकानं नंतर दुसऱ्याकडून बदलून घेतली असणार. पण मला ते कसं कळावं? मला वाटलं, हा मुलगा थापा मारतोय.

दुसरी, रेंडरच्या फुकट सर्व्हरवर. पंधरा मिनिटं कुणी फिरकलं नाही की तो झोपतो, आणि उठायला मिनिटभर घेतो. मी वीस सेकंद पांढरा स्क्रीन बघितला आणि टॅब बंद केला.

तिसरी, सिनेमांच्या ॲपची नक्कल. अशी या महिन्यातली ही माझी अकरावी.

चौथी, गिटहब. वरच्याच रिपोमध्ये एक कमिट, आणि रीडमी उघडलं तर पहिली ओळ `This project was bootstrapped with Create React App`. म्हणजे तिथं तुमचं स्वतःचं एक वाक्यही नाही.

राग मानू नका. या सगळ्यात मला ज्याची उत्सुकता वाटली तो फौंड्रीचा डॅशबोर्ड, आणि तो तुम्ही एका ओळीत संपवलाय. लिंकही नाही. तिथं नक्की काय केलंत?

उद्यमनगरकर
ताई, राग कसला. हॉटेलची साइट बदललेली मला आत्ता तुमच्याकडून कळतेय.

डॅशबोर्ड गिऱ्हाइकाच्या लॉगिनमागं आहे, म्हणून लिंक नाही. त्यात विशेष असं काही नाही. शिरोली एमआयडीसीतली फौंड्री. रोज किती कास्टिंग ओतली, किती रिजेक्ट झाली, कशानं झाली (ब्लो होल, सँड ड्रॉप, कोल्ड शट), कुठल्या हीटची म्हणजे भट्टीच्या कुठल्या खेपेची, असा तक्ता. महिन्याच्या शेवटी ३८०० च्या आसपास ओळी होतात. सुपरवायझर वरच्या चौकटीत हीट नंबर टाइप करून शोधायचे, तर अक्षर उमटायलाच वेळ लागायचा. "टायपरायटर बरा होता" म्हणाले होते. ते मी नीट केलं.

बावधनची_वाट
"ते मी नीट केलं." बघा, हेच रेझ्युमेतही झालंय. कसं केलंत? आणि नीट झालं हे कशावरून कळलं?

शिरोली_फाटा
सोप्पं आहे, useMemo लावलं असणार. रिअ‍ॅक्ट हळू चाललं की useMemo.

उद्यमनगरकर
मी पण आधी तेच लावलं, फरक पडला नाही. मग क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनेलमध्ये रेकॉर्डिंग चालू करून टाइप केलं. ऑफिसातला लॅपटॉप बरा आहे, म्हणून सीपीयू चारपट हळू करून बघितलं. एक अक्षर दाबलं की फिल्टर करायला जेमतेम काही मिलिसेकंद, आणि पुढचा सगळा वेळ ३८०० ओळी परत रंगवण्यात. म्हणजे useMemo नं जे वाचवलं ते मुळातच स्वस्त होतं.

मग असं केलं:

```tsx
const [query, setQuery] = useState("");
const deferred = useDeferredValue(query);
const rows = useMemo(
  () => filterRows(allRows, deferred),
  [allRows, deferred]
);
```

आणि `rows` घेणारा तक्ता `memo` मध्ये गुंडाळला. त्यानं अक्षर लगेच उमटायला लागलं, तक्ता मागून यायचा. पण स्क्रोल करताना जडपणा तसाच, कारण पानात ओळी सगळ्याच होत्या. म्हणून व्हर्च्युअलायझेशन घातलं, दिसणाऱ्या तीसेक ओळीच पानात राहतात. सुपरवायझरांच्या जुन्या पीसीवर जाऊन मोजलं. टाइप केल्यावर स्क्रीन हलेपर्यंत आधी ६८० मिलिसेकंदांच्या घरात लागायचे, नंतर ९० च्या आसपास.

बावधनची_वाट
२०० च्या आत आलं की गूगलच्या हिशोबात चांगलं, ५०० च्या वर गेलं की वाईट. तुम्ही वाईटातून चांगल्यात नेलंत, तेही ज्याच्या मशीनवर दुखत होतं त्याच मशीनवर मोजून. आणि रेझ्युमेत लिहिलंत काय, तर "लाइटहाउस ९८". तो ९८ कशाचा?

उद्यमनगरकर
...लॉगिन पेजचा. लाइटहाउसला पासवर्ड माहीत नव्हता ना.

तांबडा_पांढरा
दारावरची रांगोळी बघून जेवणाला ९८ मार्क दिले म्हणायचे.

बावधनची_वाट
😀 आणि लाइटहाउस पेज उघडून बघतं, चौकटीत टाइप करत नाही. तुमचा त्रास टाइप करतानाचा. डॅशबोर्डवर चालवलं असतं तरी हा आकडा त्यातून निघाला नसता. मुलाखतीत "९८ कसे आले" एवढं विचारलं असतं तरी फजिती होती.

जुना_जावावाला
मला मूळ गोष्टच पटली नाही. चार हजार ओळी ब्राउझरकडं पाठवायच्याच कशाला? सर्व्हरवर पेजिंग करा, पन्नास-पन्नास ओळी द्या. ही सगळी सर्कस टळली असती. आजकालच्या पोरांना सगळं ब्राउझरातच करायचं असतं.

उद्यमनगरकर
सर, ते आम्ही सुचवलं होतं. पण शेडमध्ये नेट टिकत नाही. भट्टीजवळच्या टेबलावर तर नाहीच. सकाळी एकदा डेटा उतरवून घेतला की दिवसभर शोधता आलं पाहिजे, ही त्यांची अट होती.

जुना_जावावाला
मग ठीक. पण ही अट लिहिली नाहीत तर माझ्यासारखा वाचणारा "पेजिंग का नाही" म्हणून तिथंच फुली मारेल.

बावधनची_वाट
सरांशी सहमत. मुलाखतीत हा प्रश्न शंभर टक्के येणार. नेटची अट त्याच ओळीत आली पाहिजे, नाहीतर उत्तर द्यायची संधीच मिळायची नाही.

एक विचारते. व्हर्च्युअलायझेशननंतर कुणाची तक्रार आली का?

उद्यमनगरकर
आली ना. ते सांगायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन, "अहो, प्रिंट काढली तर नुसत्या तीस ओळी येताहेत, बाकीचं रिजेक्शन कुठं गेलं?" मालक खूश झाले असते, पण क्वालिटीवाले घाबरले. पानात ओळीच तीस, तर प्रिंटमध्ये तेवढ्याच येणार. शिवाय एक जण ब्राउझरच्या Ctrl+F नंच शोधायचे, त्यांना काही सापडेना. प्रिंटसाठी मग वेगळं साधं पान केलं, त्यात सगळ्या ओळी, व्हर्च्युअल काही नाही. Ctrl+F वाल्यांना आमची चौकट वापरायला शिकवलं, पण ते अजून कुरकुरतात. तेव्हापासून दीड वर्ष तो स्क्रीन मीच बघतो.

बावधनची_वाट
जाहिरातीतलं शेवटचं वाक्य परत वाचा. "लोकांच्या हातात गेल्यावरही सांभाळलेलं." प्रिंटचा फोन म्हणजेच ते. व्हर्च्युअल लिस्ट लावणारे मला आठवड्याला पाच भेटतात. लावल्यावर प्रिंट तुटते हे ज्याला अनुभवातून माहीत असतं, तो क्वचित.

राजारामपुरी_७वी_गल्ली
माझा अनुभव वेगळा. मी फ्रीलान्स वर्डप्रेस करतो, रेझ्युमे कधी केलाच नाही. गिऱ्हाइकाला मोबाइलवर जुनं काम दाखवायचं, चहा प्यायचा, ॲडव्हान्स घ्यायचा. तुम्ही डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट काढून पोर्टफोलिओत टाका की. कोण बघतंय?

बावधनची_वाट
नको. त्यात गिऱ्हाइकाच्या पार्ट्यांची नावं आणि रिजेक्शनचे आकडे आहेत. शेजारच्या फौंड्रीला तेच हवे असतात. आणि असा स्क्रीनशॉट समोर आला की मी विचार करते, हा उद्या आमचंही असंच दाखवेल.

खोटा डेटा घालून छोटा नमुना करा. ५००० बनावट ओळी, वर एक बटण, जुनी पद्धत आणि नवी पद्धत. टाइप करून बघणाऱ्याला दहा सेकंदांत फरक हाताला लागतो. त्यात बॅकएंड नको, म्हणजे फुकटच्या स्टॅटिक होस्टिंगवर बसतं आणि झोपत नाही. जुन्या तीन लिंका काढून टाका.

शिरोली_फाटा
एवढं करून रिक्रूटर उघडणार आहे का पण? मी ऐकलंय नव्वद टक्के लोक लिंक उघडतच नाहीत.

जुना_जावावाला
मीही उघडत नाही. कामाची ओळ वाचतो, पटली तर बोलावतो.

बावधनची_वाट
मी उघडते. एकाच टीममध्ये दोन्ही प्रकारची माणसं असतात, त्याला काय करणार. म्हणून गोष्ट ओळीत पूर्ण हवी आणि लिंक तिच्या शेजारी, तळाशी ढिगात नाही.

आता फ्रेमवर्कांकडं वळू. अँग्युलर ८०% म्हणजे नक्की काय वापरलंत?

उद्यमनगरकर
पहिल्या वर्षी चार महिने एक जुना प्रोजेक्ट सांभाळला. `ng-controller`, `$scope` वगैरे.

जुना_जावावाला
अहो, ते अँग्युलरजेएस. २०१६ मध्ये आलेलं अँग्युलर पूर्ण वेगळं आहे, नाव तेवढं सारखं. जुन्याचा सपोर्ट २०२१ च्या शेवटी बंद झाला. "अँग्युलर ८०%" म्हणालात आणि समोरच्यानं सिग्नल्सबद्दल विचारलं तर?

उद्यमनगरकर
कसले सिग्नल?

तांबडा_पांढरा
दाभोळकर कॉर्नरचे.

बावधनची_वाट
काढून टाका. जाहिरातीत मागितलेलंही नाही. व्ह्यूचंही तसंच असेल तर तेही. पण टाइपस्क्रिप्ट मागितलंय, तेव्हा ते तपासू. तुमच्या `tsconfig.json` मध्ये `"strict": true` आहे का?

उद्यमनगरकर
नाही. लावून बघतो.

उद्यमनगरकर
लावलं. २१७ एरर. रात्रीचं जेवण गेलं नाही.

बावधनची_वाट
जेवा आधी. आणि सगळ्या निस्तरू नका, रिजेक्शनच्या स्क्रीनपुरत्याच बघा. `any` टाकून गप्प मात्र करू नका.

पंचगंगेकाठी
मध्येच विचारते, माझा मुलगा बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं रिअ‍ॅक्ट शिकावं की अँग्युलर? पुण्यात खोली भाड्यानं किती पडते?

तांबडा_पांढरा
काकू, आधी खोली बघा. रिअ‍ॅक्ट खोलीतबी शिकता येतं. आणि मुलाला सांगा तिथल्या मिसळीला मिसळ म्हणायचं न्हाई.

राजारामपुरी_७वी_गल्ली
पुण्याची मिसळ पण बरी असते काही ठिकाणी.

तांबडा_पांढरा
याला कुणीतरी धाग्याबाहेर काढा.

उद्यमनगरकर
(पाच दिवसांनी) मिसळीवरून परत मूळ धाग्यावर. त्या स्क्रीनपुरत्या ३१ एरर होत्या. बऱ्याचशा कंटाळवाण्या, पण एक अशी निघाली की मी खुर्चीवरून उठलो. आमच्या इथं महिन्यातून एक-दोनदा स्क्रीन अचानक पांढरा व्हायचा, कारण सापडत नव्हतं. कन्सोलमध्ये एवढंच:

```
TypeError: Cannot read properties of null (reading 'toLowerCase')
```

रिवर्कला गेलेल्या कास्टिंगच्या काही नोंदींत हीट नंबर रिकामा असतो, आणि मी शोधताना सरळ `row.heatNo.toLowerCase()` करत होतो. टाइपमध्ये `heatNo: string` असं मीच ठोकून दिलेलं. ते `string | null` केलं आणि strict नं बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं. रिकाम्या हीट नंबरच्या ओळीसाठी एक टेस्टही लिहिली. माझी पहिली.

आता नवीन ओळ अशी केली आहे, बघा:

"फौंड्रीच्या रिजेक्शन नोंदींचा स्क्रीन (रिअ‍ॅक्ट, टाइपस्क्रिप्ट), दीड वर्ष एकट्यानं सांभाळला. शेडमध्ये नेट नसल्यानं ३८०० ओळी ब्राउझरमध्येच शोधाव्या लागत. वापरणाऱ्याच्या पीसीवर टायपिंगचा प्रतिसाद ६८० वरून ९० मिलिसेकंदांवर आणला. व्हर्च्युअल लिस्टमुळं तुटलेली प्रिंट वेगळं पान करून दुरुस्त केली. strict टाइप लावताना रिकाम्या हीट नंबरचा जुना दोष सापडला, त्याला टेस्ट लिहिली."

जुना_जावावाला
आता बोलावलं असतं. "एकट्यानं" काढा, बढाई वाटते.

बावधनची_वाट
मला "एकट्यानं" राहू द्यावंसं वाटतं, खरं आहे ते. आकड्यांपुढं "सुमारे" लिहा. एकाच पीसीवर हातानं मोजलेलं आहे, तेवढंच म्हणा.

उद्यमनगरकर
सुमारे लिहितो. एकट्यानंचं बघतो. पण ॲक्सेसिबिलिटीचं काय करू? ताई, तुमचं वाचून माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब कीनं स्क्रीन चालवून बघितला. दोषाचा प्रकार निवडायच्या यादीपर्यंत पोचताच येत नाही. ती मी `<div onClick>` नं केली होती.

बावधनची_वाट
मी ते कुठं सांगितलं होतं? पण बरंच केलंत. यादी साधी `<select>` करा. तेवढ्यावर "जाण आहे" असं लिहू नका, विचारलं तर हेच सांगा.

शिरोली_फाटा
मी तर म्हणतो लिहूनच टाका. जाहिरातीत आहे, शब्द जुळतील.

जुना_जावावाला
लिहिलं की पहिला प्रश्न त्यावरच. लिहू नका.

राजारामपुरी_७वी_गल्ली
लिहा. सगळेच लिहितात.

उद्यमनगरकर
यावर तुमचं एकमत होईपर्यंत जाहिरातीची मुदत संपेल. 😀 न लिहिता आज सकाळी अर्ज पाठवला. नमुन्याची लिंक खाली देतोय, जमल्यास उघडून बघा.

तांबडा_पांढरा
बघितली. जुन्या पद्धतीत टाइप करून चहा पिऊन आलो, तोवर अक्षर उमटलं. नवीन लई भारी. पण वर टॅबवर `Vite + React` लिहिलंय, ते तुझंच नाव का भावा?

उद्यमनगरकर
बदललं. पाच मिनिटांनी परत उघडा.